९ फुटी पडद्याची नळी लिफ्टमधून जाईल का?

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला नवीन फ्लॅट घेतलाय, सातवा मजला. हॉलच्या खिडकीला पडदे लावायचेत. खिडकी साडेसात फूट रुंद आहे, पडदा दोन्ही बाजूंना थोडा बाहेर जायला हवा, म्हणून एक इंच जाडीची अखंड ९ फुटी स्टीलची नळी घ्यायचा विचार आहे. जोडाची नळी नको, आधीच्या घरात होती, कड्या बरोब्बर जोडावर अडकायच्या. रविवार पेठेतला दुकानदार हवी तेवढी कापून देतो, पण एकदा कापली की परत घेत नाही. त्यामुळे आधीच विचारतेय.

लिफ्ट आज आतून मोजली. रुंदी १३० सेमी, खोली ११०, उंची २२०. दार मधोमध उघडतं, ते ८० रुंद आणि २०० उंच आहे. ९ फूट म्हणजे साधारण २७४ सेमी, तेव्हा नळी उभी बसणार नाही हे दिसतंच आहे. तिरकी बसेल का?

शनिवारातला

नाही बसणार. सोपं आहे. लिफ्टच्या मागच्या भिंतीवर नळी तिरकी टेकवा. भिंत १३० बाय २२०. १.३ चा वर्ग १.६९, २.२ चा वर्ग ४.८४, बेरीज ६.५३, वर्गमूळ २.५५. म्हणजे जास्तीत जास्त २५५ सेमी, ८ फूट ४ इंच. त्यापुढे हट्ट करू नये.

मीनल_आई

शनिवारातले काका, तुम्ही नळी भिंतीला चिकटवून ठेवलीत. ती हवेत का नाही जाऊ शकत? मुलीच्या शिष्यवृत्तीच्या पुस्तकात हेच गणित आहे, ३, ४ आणि १२ च्या खोक्यात १३ ची काठी बसते. खालच्या एका कोपऱ्यातून वरच्या समोरच्या कोपऱ्यात.

आधी जमिनीवरचा कर्ण: १.३ आणि १.१, वर्गांची बेरीज १.६९ + १.२१ = २.९०. वर्गमूळ काढायची गरजच नाही, कारण पुढे परत वर्गच करायचाय. त्यात उंचीचा वर्ग ४.८४ मिळवा, ७.७४. आता वर्गमूळ, २.७८२. म्हणजे २७८ सेमी. तुमची नळी २७४. बसली की! चार सेंटिमीटर उरतायत. बिनधास्त घ्या ९ फुटी.

सातवा_मजला

वा मीनलताई, धन्यवाद! मला भिंतीचंच सुचत होतं. उद्याच जाते मग पेठेत.

बिबवेवाडी_एक्स्प्रेस

लिफ्टमध्ये एकूण किती नळ्या बसतील त्याचं पण गणित टाका कोणीतरी. आमच्या साइटवर १२ मीटरच्या सळया येतात, त्या आम्ही वाकवूनच आणतो.

टी_स्क्वेअर

ताई, उद्या जाऊ नका. एक दिवस थांबा.

मीनलताईंचा आकडा बरोबर आहे, पण तो प्रश्नाच्या अर्ध्याच भागाचं उत्तर आहे. २७८ म्हणजे आत *असलेली* काठी जास्तीत जास्त किती लांब असू शकते. पुस्तकातल्या खोक्याचं झाकण उघडतं, काठी वरून सोडता येते. लिफ्टला झाकण नाही, ८० बाय २०० चं दार आहे, आणि ते दार समोरच्या भिंतीपेक्षा सगळीकडून लहान आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना २५-२५ सेमी पत्रा आणि वर २० सेमी पट्टी. तुमची नळी ज्या दोन कोपऱ्यांत टेकायचीय, त्यातला समोरचा कोपरा त्या पत्र्याच्या मागे दडलेला आहे.

आता असा विचार करा. नळी आत जातेय, जातेय, आणि शेवटचा क्षण आला. एक टोक दाराच्या चौकटीत आहे, बाकी सगळी नळी आत. त्या क्षणी नळीची लांबी किती असू शकते? चौकटीतल्या एखाद्या बिंदूपासून लिफ्टच्या आतल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच. त्याहून लांब नळी कशीही फिरवा, हा क्षण तिला गाठताच येणार नाही.

हा लांबचा कोपरा शोधूया. उजवीकडून आत शिरणार असू तर चौकटीची उजवी कड डाव्या भिंतीपासून १०५ सेमीवर आहे. खोली ११०. आता उंचीचे दोन पर्याय आहेत, आणि खरी गंमत इथेच आहे.

पहिला पर्याय: नळीचं खालचं टोक आधी आत, मागच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीवर. वरचं टोक शेवटी आत घ्यायचं. ते टोक दाराच्या वरच्या पट्टीखालून यायला हवं, म्हणजे २०० च्या आत. १.०५ चा वर्ग १.१०२५, १.१ चा १.२१, २ चा ४. बेरीज ६.३१२५, वर्गमूळ २.५१. म्हणजे २५१ सेमी.

दुसरा पर्याय: वरचं टोक आधी आत, मागच्या डाव्या कोपऱ्यात थेट छताला. खालचं टोक शेवटी, उंबऱ्यावरून सरपटत आत. आता चौकटीतला बिंदू जमिनीवर आहे आणि समोरचं टोक पूर्ण २२० वर. १.१०२५ + १.२१ + ४.८४ = ७.१५२५, वर्गमूळ २.६७. म्हणजे २६७ सेमी.

तीच लिफ्ट, तेच दार, पण कुठलं टोक आधी घालता यावर १६ सेमीचा फरक. बहुतेक लोक खालचं टोक आधी आत ढकलतात, कारण तसंच सहज सुचतं, आणि वरचं टोक पट्टीला ठोकून म्हणतात की बसत नाही.

तुमची ९ फुटी नळी मात्र दोन्ही तऱ्हांनी जाणार नाही. ती आत मावते, पण आत शिरत नाही.

शनिवारातला

म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच. नाही बसणार.

मीनल_आई

काका, उत्तर जुळलं म्हणून रीत जुळत नाही हो. तुमच्या हिशोबाने २५५ च्या वर काहीच जाऊ नये, टी_स्क्वेअर २६७ म्हणतायत. साडेआठ फुटी म्हणजे २५९. ती तुमच्या मते जात नाही, त्यांच्या मते जाते.

टी_स्क्वेअर, ते टोकाचं वाचून मी पेन्सिल आणि काड्यापेटीचं खोकं घेऊन बसले. दोन्ही तऱ्हांमध्ये फरक पडतो हे खरंच दिसतं. पण एक विचारू? दाराच्या जागी जाडी असते ना. लिफ्टचं दार आतल्या पत्र्यापासून थोडं बाहेर सरकतं. ती जागा पण वापरता येईल.

टी_स्क्वेअर

येईल, चांगलं पकडलंत. आतल्या पत्र्याच्या कडेपासून सरकत्या दारापर्यंत काही सेंटिमीटर सापडतात. ते खोलीत मिळवायचे. समजा ६ सेमी मिळाले, खोली ११६ झाली, तर हिशोब २७० वर जातो. जेमतेम अडीच-तीन सेमीचा फायदा. ९ फुटीला तरीही चार कमी पडतात. शिवाय तिथे टेकवलेलं टोक दाराला घासायला नको. दार बंद होताना टोक मध्ये आलं की सेन्सर दार परत उघडेल, आणि सेन्सर नसेल तर नळीला पोचा. म्हणून मी ती जागा हिशोबात धरत नाही, अडचण आली तर असू द्यावी.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट जाडीची. आत्तापर्यंत आपण नळीला जाडीच नाही असं धरून चाललो. गणितातली रेघ कोपऱ्याच्या टोकाला जाऊन भिडते. एक इंची नळीचं तोंड ही एक गोल चकती आहे, ती कोपऱ्यात पूर्ण शिरत नाही, तीन भिंतींना तिच्या कडा आधीच लागतात. तुमच्या लिफ्टच्या मापाला दोन्ही टोकं मिळून हे नुकसान जाडीच्या सव्वापट येतं, म्हणजे ३ सेमीच्या आसपास. खोकं कसंही असलं तरी बारीक काठीला ते दीडपटीपुढे जात नाही, सगळ्यात वाईट म्हणजे घनाकार खोकं, तिथेही १.४१ पट. तेव्हा डोळे मिटून जाडीच्या दीडपट वजा करा. एक इंचाला ४ सेमी.

२६७ उणे ४, २६३. साडेआठ फुटी नळी २५९. जाते.

कोथरूडचा_बाळू

एवढं गणित कशाला? आम्ही दर पाडव्याला १० फुटी गुढीची काठी लिफ्टमधूनच नेतो. तिरकी करायची आणि घुसवायची.

टी_स्क्वेअर

बाळूदादा, तुमची लिफ्ट स्ट्रेचरवाली आहे का? खोल असेल तर जाणारच. खोली २४० असली तर नुसत्या बाजूच्या भिंतीवरचा कर्णच ३२५ येतो, १० फूट म्हणजे ३०५.

कोथरूडचा_बाळू

हो, स्ट्रेचरवालीच आहे. पण काठी थोडी वाकते पण.

मीनल_आई

बांबू वाकतो, स्टीलची नळी वाकली की वाकलीच. मग पडदा तिरका.

सातवा_मजला

बापरे. मी सकाळी रिक्षाच सांगणार होते. टी_स्क्वेअर काका, दोन शंका.

एक, लिफ्टमध्ये मागच्या भिंतीला कंबरेएवढ्या उंचीवर स्टीलचा दांडा आहे, हात धरायला. आणि उजव्या बाजूला बटणांचं पॅनल थोडं पुढे आलंय. ते मध्ये येणार नाही का?

दोन, लिफ्टला खोटं छत आहे. मी उंची मोजली ती मधोमध, दिव्याच्या जाळीपर्यंत.

टी_स्क्वेअर

दांड्याची काळजी नको. कर्णावरची नळी भिंतींजवळ फक्त टोकांना असते. तुमची नळी छताच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे पुढे खाली येते. कंबरेच्या उंचीला, समजा ९० सेमीवर, ती मागच्या भिंतीपासून ६० सेमीपेक्षा जास्त लांब असते. डावी-उजवी भिंतही तिथे अर्धा मीटर किंवा जास्तच दूर. पॅनललाही लागणार नाही. तोटा एवढाच की ती लिफ्टच्या बरोब्बर मधून जाते, त्यामुळे सोबत फार तर एक माणूस उभा राहील, तेही अंग चोरून.

छताचा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्याला मधली उंची नकोच आहे, कोपऱ्यातली हवी. खोट्या छताला कडेने कधी फट असते, तिथे नळीला थोडी जास्त उंची मिळते. कधी उलट असतं, कडेने पट्टी लावलेली असते आणि कोपरा मधल्यापेक्षा खाली येतो. उंची हे सगळ्यात मोठं माप आहे, त्यामुळे तिथला सेंटिमीटर सगळ्यात महाग. २२० चे २१५ झाले तर २६७ चे २६३ होतात. रुंदीतले ५ सेमी गेले असते तर जेमतेम दोन सेमीचा फटका बसला असता.

म्हणून सूत्र सोडा आणि टेप घ्या. एकाने टेपचं टोक मागच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात धरायचं, स्टुलावर चढून. दुसऱ्याने टेप ताणून दाराच्या उजव्या कडेला उंबऱ्यापर्यंत आणायची. झोळ पडू द्यायचा नाही, पडला तर माप जास्त दाखवेल. तो आकडा थेट तुमचं उत्तर आहे, वर्ग नाही, वर्गमूळ नाही. त्यातून ४ वजा करा. मग तेच डावीकडून, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यातून दाराच्या डाव्या कडेपर्यंत. दार खरंच मधोमध असेल तर दोन्ही सारखे येतील, नसेल तर जास्त येईल ती बाजू घ्या.

लिफ्ट थांबवून ठेवायला वॉचमनना सांगा, नाहीतर मोजता मोजता तिसऱ्या मजल्यावर जाल.

पत्र्यामारुती_जवळ

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण लिफ्टचाच. ६ फूट बाय ५ फुटाची गादी, ८ इंच जाड, अशीच कर्णावर बसेल का? आमची लिफ्ट पण १३० बाय ११० ची आहे.

टी_स्क्वेअर

गादी म्हणजे काठी नाही. काठीला दिशा एकच असते म्हणून हे सूत्र चालतं. गादीला तीन मापं आहेत, तिन्ही एकाच वेळी मावायला हवीत. तुमच्या गादीला हे सूत्र लावू नका, ती सहा फूट बाजू उभी करून नेता येते का ते बघा. जमिनीवर तिचा ५ फूट बाय ८ इंचाचा ठसा पडेल, तो १३० बाय ११० मध्ये तिरका करून बसतो का हा वेगळाच हिशोब आहे. आणि फोमची असेल तर ती दाबून वाकेल, मग कुठलाच हिशोब नको.

पत्र्यामारुती_जवळ

कॉयरची आहे.

शनिवारातला

ताई, जिन्याने न्या ना सरळ. सात मजले काही फार नाहीत. आमच्या वाड्यात अख्खं कपाट जिन्याने चढवलंय.

सातवा_मजला

काका, जिन्याच्या वळणावर भिंत आहे, मधला चौक बंद आहे. तिथे ९ फुटी वळेल का, सांगता येईल कोणाला? जिना ३ फुटी आहे, वळणाला चौकोनी पायरी.

मीनल_आई

बोळाच्या वळणाचा एक वेगळा हिशोब असतो, शिडी वळवायचा. पण जिन्यात नळी तिरकी वर पण करता येते आणि छत पण तिरकं असतं. मला तरी तो कागदावर मांडता येईना. टी_स्क्वेअर?

टी_स्क्वेअर

जिन्याचं न बघता मी बोलणार नाही. खालच्या वळणावर टेपने तिरकं माप घेऊन एक नुसती प्लास्टिकची नऊ फुटी पाइप वळवून बघा, हार्डवेअरच्या दुकानात तासाभरासाठी देतील कोणी तर. माझा अंदाज, जाईल. पण तो अंदाजच.

सातवा_मजला

मोजून आले. मिस्टर स्टुलावर, मी उंबऱ्यावर, वॉचमनकाका दार धरून. डावीकडच्या कोपऱ्यातून २६४ भरले, उजवीकडच्या कोपऱ्यातून २६३. कोपऱ्यात छताला अॅल्युमिनियमची पट्टी निघाली, तुम्ही म्हटलं तेच.

२६४ उणे ४, २६०. साडेआठ फुटी २५९. म्हणजे एक सेमी उरला. घेऊ का साडेआठ?

टी_स्क्वेअर

कागदावर जातेय, पण एक सेमी म्हणजे काहीच नाही. दुकानात कापताना करवतीचं पातं दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे जातं, टेपला थोडा झोळ असतोच, आणि शेवटी ओढताना कोपऱ्यातल्या त्याच पट्टीला नळी खरवडणार. मी असतो तर ८ फूट ४ इंच घेतली असती, २५४ सेमी. सहा सेमी हातात राहतात. साडेसात फुटी खिडकीला दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच बाहेर मिळतील.

पण ही ८ फूट ४ इंचीही खालचं टोक आधी घालून जाणार नाही हे लक्षात ठेवा. त्या तऱ्हेची मर्यादा छताने बदलत नाही, ती दाराच्या पट्टीवर अवलंबून आहे, २५१. त्यातूनही जाडी वजा. तेव्हा न्यायला येणाऱ्या मुलाला आधीच सांगा: वरचं टोक पुढे, दारातून तिरकी करून आत, मग मागच्या कोपऱ्यात छताला लावायचं, आणि खालचं टोक जमिनीलगत उजवीकडून आत. लॉबीत नळीचं खालचं टोक बाहेर सरकायला जागा हवी, तिथे चपलांचं कपाट असेल तर हलवा.

टोकाचे गोळे घरी गेल्यावर लावा. ते लावून आणाल तर दोन्हीकडून सहा-सात सेमी वाढतात आणि सगळा हिशोब पाण्यात.

शनिवारातला

८ फूट ४ इंच. माझं पहिलं उत्तर वर जाऊन वाचावं.

मीनल_आई

काका, तुमची नळी भिंतीला टेकून आत कशी शिरणार होती ते पण सांगा मग. तो २५५ चा कर्ण पण दाराच्या बाहेरूनच यायचा होता ना.

सातवा_मजला

८ फूट ४ इंच पक्की. उद्या संध्याकाळी रविवार पेठ. आता शेवटचं, एवढ्या लांबीला दोन ब्रॅकेट पुरतील का मध्ये एक लागेल? पडदे जाड आहेत, दुहेरी कापडाचे.

कोथरूडचा_बाळू

मध्ये एक लागेलच. नाहीतर दोन महिन्यात नळी पोटात झोळ घेते. पण मग मधल्या ब्रॅकेटला कड्या अडकणार, तुम्हाला जोडाची नळी नको होती त्याच कारणाने.

सातवा_मजला

अरे देवा.

टी_स्क्वेअर

दोन पडदे डावीकडे-उजवीकडे उघडणारे असतील तर मधलं ब्रॅकेट बरोबर मधोमध लावा, कड्या तिथून पलीकडे जायची गरजच पडत नाही. एकच पडदा पूर्ण लांबीभर सरकवायचा असेल तर वेगळं बोलू. कुठला आहे?